गर्दीचा त्रास होणाऱ्या मैत्रिणीला गणपतीचं बोलावणं: आधी घर आवरा, मग मेसेज टाईप करा

"अगं यावेळी तरी येच, सगळे येणारेत, जाम मजा येईल, बाहेर पडलीस की तुलाच बरं वाटेल!!" हा मेसेज दर गणपतीत कोणीतरी कोणालातरी पाठवतं, अगदी मनापासून पाठवतं, आणि समोरची तो वाचून फोन उलटा ठेवते. मग निळ्या टिका दिसतात, उत्तर येत नाही, इकडे हिला वाटतं भाव खातेय, तिकडे तिला वाटतं आता काय कारण सांगू. ज्या माणसाला गर्दीत धडधड होते, घाम फुटतो, श्वास अडकल्यासारखा वाटतो, त्याला "सगळे येणारेत" हे आमिष नसतं, न यायचं तेच तर कारण असतं.

बहुतेक जण शब्द बदलत बसतात, जास्त गोड लिहितात, हार्ट टाकतात. पण गडबड शब्दांच्या आधीच झालेली असते. शांत बोलावणं लिहायचं तर आधी घरात खरंच एक शांत तास असायला हवा, आणि तो बहुतेक घरांत आपोआप नसतो, काढावा लागतो. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये मेसेज पाचव्या नंबरवर आहे. उलट्या क्रमाने केलंत तर फसणार.

इथे एकच केस धरून चाललेय: पुण्यातला टू बीएचके फ्लॅट, घरी पाच दिवसांचा गणपती आणि गौरी, मैत्रीण त्याच शहरात पण दुसऱ्या टोकाला राहते, आणि तिला अँक्झायटी आहे हे तिने स्वतः तुम्हाला सांगितलंय. मित्र असेल तर "अगं"च्या जागी "अरे", बाकी सगळं तेच.

आधी हे चेक करा: तिने स्वतः सांगितलंय, की दुसऱ्या कोणाकडून कळलंय? दुसरीकडून कळलं असेल तर मेसेजमध्ये त्रासाचा उल्लेख सोडाच, सूचकसुद्धा काही नको. "तुला गर्दी आवडत नाही ना म्हणून" एवढं वाक्यही तिला सांगून जातं की आपल्याबद्दल पाठीमागे बोलणं झालंय. शांत वेळेचं बोलावणं द्या, कारण देऊ नका.

## पायरी १: तिला नेमकं काय जड जातं ते आठवा

"गर्दी" हा फार मोघम शब्द आहे. कोणाला माणसांच्या संख्येचा त्रास होतो, कोणाला आवाजाचा, कोणाला बाहेर पडायची वाट दिसत नाही याचा, आणि कोणाला चार माणसांच्या हॉलमध्येसुद्धा सगळे आपल्याकडेच बघतायत याचा. लक्ष्मी रोडच्या गर्दीत बिनधास्त फिरणारी पण हळदीकुंकवाला दहा बायकांत बसवत नाही अशीही असते, कारण रस्त्यावर तिच्याकडे कोणी बघत नाही आणि हॉलमध्ये सगळ्या बघतात.

आता तिला प्रश्नावली पाठवू नका प्लीज. मागच्या वर्षभरातल्या दोन-तीन गोष्टी आठवा. लग्नाला आली होती तेव्हा कुठे बसली होती? दाराजवळ बसली असेल तर बाहेर पडायची वाट महत्त्वाची. सिनेमाला कडेची खुर्ची मागते का? ढोल सुरू झाले की आत निघून जाते का? कोणी "काय मग, सध्या काय चाललंय?" विचारलं की फोन काढते का? यातून तुम्हाला एकच मुख्य गोष्ट कळली तरी बास, कारण पुढच्या पायरीत वेळ ठरवताना तीच वापरायची आहे. आपल्या केसमध्ये असं धरू की हिला दोन गोष्टी जड जातात, अनोळखी माणसं अचानक येणं आणि "आता निघते" म्हणता न येणं.

## पायरी २: पाच दिवसांतला एक तास शोधा

कागद घ्या, किंवा फोनमध्ये लिहा, आणि तुमच्या घराचं खरं वेळापत्रक काढा. डोक्यात नको, लिहूनच. समजा चतुर्थी सोमवारी आहे.

सोमवार बाद. प्रतिष्ठापना, गुरुजी कधी येतील त्यांनाच माहीत नाही, नैवेद्याची धांदल, संध्याकाळी अख्खी बिल्डिंग दर्शनाला. मंगळवार वाटतो शांत पण त्या दिवशी दीड दिवसाचे गणपती जातात, दुपारपासून रस्त्यावर ताशे, पार्किंगमध्ये मिरवणुका. मग गौरी. त्या अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर पूजन आणि मूळावर विसर्जन, त्यामुळे दरवर्षी तिसऱ्या, चौथ्या की पाचव्या दिवशी हे कॅलेंडर बघूनच कळतं, अंदाजाने ठरवू नका. गौरीजेवणाच्या दिवशी घरात सवाष्णी, शेजारणी, हळदीकुंकू, म्हणजे तो दिवस तर विचारातच घ्यायचा नाही. गौरी यायच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ पण नाही, तेव्हा मुखवटे, साड्या, मखर, आणि घरात सगळ्यांचा पारा चढलेला.

आपल्या केसमध्ये बुधवार उरतो. त्यातही सकाळची आरती साडेआठला, नैवेद्य आणि जेवणं दीड-दोनपर्यंत, मग घर आडवं होतं, साडेचारला चहा आणि पाचपासून लोक यायला लागतात. म्हणजे खरी रिकामी जागा तीन ते चार. चारच्या पुढे ताणू नका, कारण उत्सवात मध्य पुण्यातले बरेच रस्ते संध्याकाळी गाड्यांना बंद होतात आणि तिला परत जाताना रिक्षा मिळेना आणि समोरून पथक, असं झालं तर तुमच्या घरातला शांत तास गेला पाण्यात. आमच्याकडे निवांत होतं हो, पण जाताना? तिच्यासाठी यायचा-जायचा रस्ता हा बोलावण्याचाच भाग आहे.

सोसायटीचा गणपती असेल तर नोटीस बोर्डवरचा कार्यक्रम बघा. बुधवारी तीनला खाली मुलांची चित्रकला स्पर्धा असेल तर ठीक, चित्रं काढताना फार दंगा होत नाही. संगीत खुर्ची असेल तर स्पीकर आलाच, वेळ बदला.

इथे थांबा: वेळापत्रकात असा तास सापडतच नसेल तर घरी बोलवायचा हट्ट सोडा आणि सरळ पायरी ४ वर जा. "येशील तेव्हा बघू काहीतरी" हे बोलावणं नाही, तो तिच्यासाठी सापळा आहे.

## पायरी ३: घरच्यांशी बोलून घ्या

ही पायरी लोक हमखास गाळतात. तुम्ही मैत्रिणीला लिहिता "फक्त आपण दोघी", आणि ती आल्यावर आई कौतुकाने शेजारच्या काकूंना हाक मारते. आईची चूक नाही, तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मैत्रिणीचा त्रास घरात जाहीर करायचा नाही. तिने तुम्हाला सांगितलंय, तुमच्या आत्याला नाही. एवढंच म्हणा: "बुधवारी तीनला माझी मैत्रीण येतेय तासभर, आम्हाला निवांत बोलायचंय, त्या वेळेत कोणाला बोलवू नका." कारण विचारलं तर "ऑफिसची दमणूक चाललीये तिची" वगैरे खोटं रचू नका, खोटं लक्षात ठेवावं लागतं आणि मग आई तिलाच विचारते की ऑफिस कसं चाललंय. "असंच, निवांत" पुरतं.

मग तीन गोष्टी स्पष्ट सांगा, आणि आदल्या दिवशी परत सांगा.

एक, आग्रह नाही. आपल्याकडे आग्रह म्हणजे प्रेम, "अगं असं कसं, जेवूनच जा", "एवढ्यात निघालीस?", "अजून एक मोदक, माझी शपथ". जिला निघता न येण्याचीच भीती आहे तिला हे प्रेम दार लावून घेतल्यासारखं वाटतं. तिने निघते म्हटलं की "बरं, सावकाश जा" एवढंच म्हणायचं.

दोन, चौकशी नाही. लग्न, नोकरी, "किती बारीक झालीस", "आता बरी आहेस ना?" यातलं काही नको. शेवटचा प्रश्न सगळ्यात वाईट, कारण तो काळजीच्या आवाजात येतो आणि त्याला खरं उत्तर देता येत नाही.

तीन, फोटो नाही. मखरासमोर उभं करून फोटो काढायचा आणि पाच मिनिटांत तो फॅमिली ग्रुपवर आणि स्टेटसला, हे घराघरात होतं. तिच्या बाकी ओळखीच्यांनी तो बघितला की "आमच्याकडे नाही आलीस, तिच्याकडे बरी गेलीस" सुरू होतं, आणि हे निस्तरायचं परत तिलाच.

घरातल्या एकाने जरी कुरकुर केली, म्हणजे "हे काय नवीन, गणपतीत दार बंद थोडीच ठेवणार", तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याचंही बरोबर आहे, गणपतीत आलेल्याला परत पाठवत नाहीत. मग उपाय असा की कोणी आलंच तर दर्शन हॉलमध्ये, आणि तुम्ही दोघी आतल्या खोलीत. पण हे मग मेसेजमध्ये खरं खरं लिहायचं, लपवायचं नाही.

## पायरी ४: ती आली नाही तर काय, हे आधीच तयार ठेवा

बोलावण्याला दुसरी बाजू हवी, म्हणजे नाही म्हणूनसुद्धा तिचा सण व्हावा. सगळ्यात सोपं म्हणजे प्रसादाचा डबा. पण यातही दोन गोष्टी चुकतात.

पहिली, उकडीचे मोदक पाठवणं. उकडीचा मोदक गरम असताना राजा, संध्याकाळपर्यंत पारी कडक होते आणि आतलं ओलं खोबरं दमट हवेत दुसऱ्या दिवशी आंबूस लागतं. म्हणजे तिला डबा लगेच घ्यावा लागणार, लगेच खावा लागणार, ही परत एक डेडलाईन झाली. त्यापेक्षा सुक्या खोबऱ्याचं सारण भरलेले तळणीचे मोदक पाठवा, पाच-सात पुरतात, तीन-चार दिवस सहज टिकतात. किंवा खिरापत: सुकं खोबरं, खारीक, खसखस, बदाम, खडीसाखर. ही तर त्याहून टिकते. तिने दोन दिवस गेटवरून उचललाच नाही तरी काही बिघडत नाही.

दुसरी, स्टीलचा डबा. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, हे तिलाही माहितीये. म्हणजे तुम्ही प्रसादाबरोबर तिला एक काम पाठवलंत, काहीतरी करा, भरा, आणून द्या, भेटा. ज्या बाईला सध्या घराबाहेर पडणंच जड आहे तिच्या ओट्यावर तो डबा महिनाभर तिच्याकडे बघत बसतो. कागदी खोक्यात द्या, मिठाईचं जुनं खोकं चालेल, आणि मेसेजमध्ये लिहा की खोकं फेकून दे.

कुठे द्यायचा ते पण ठरवा. दारापर्यंत जाऊन बेल मारायची नाही, तिला तयारी नसताना दार उघडायला लावणं म्हणजे भेट लादणं झालं. गेटवर वॉचमनकाकांकडे द्या, वर तिचा फ्लॅट नंबर लिहा.

व्हिडिओ कॉलवर आरती दाखवायची आयडिया खूप जणांना सुचते. मला ती फारशी पटत नाही, कॅमेऱ्यासमोर वीस चेहरे आणि सगळे तिला हात हलवतायत, हीच ती गर्दी, फक्त फोनमधली. पाठवायचंच असेल तर आरतीचं मिनिटभराचं रेकॉर्डिंग पाठवा, हवं तेव्हा ऐकेल.

## पायरी ५: आता मेसेज

इथपर्यंत आलात म्हणजे लिहायला मटेरियल आहे. मेसेजमध्ये हे यायला हवं: दिवस आणि वेळ, सुरू कधी आणि संपणार कधी, घरात कोण असेल, ती मधेच निघू शकते, आणि उत्तर दिलं नाही तरी चालेल. बास. बाकी काही घातलंत की वजन वाढतं.

पहिला ड्राफ्ट बहुतेक असा होतो:

> अगं कशी आहेस? खूप दिवस झाले गं बोलणं नाही. मला माहितीये तुला गर्दीत त्रास होतो, अँक्झायटी वगैरे, म्हणून मी मुद्दाम तुझ्यासाठी वेगळी वेळ काढलीये. बुधवारी ये, किंवा गुरुवारी सकाळी, किंवा म्हण तर आपण पहाटे कसब्याला जाऊ, तुला जे कम्फर्टेबल असेल ते सांग. आई पण खूप आठवण काढते. प्लीज नाही म्हणू नकोस. बाप्पा सगळं ठीक करेल!

वाचायला किती प्रेमळ. आता बघा काय काय झालंय यात.

"कशी आहेस" हा पहिलाच प्रश्न आणि त्याचं उत्तर तिला देववत नाही, म्हणून ती पुढचं वाचायच्या आधीच अडकली. "खूप दिवस झाले" हा टोमणा नसला तरी तसा लागतो. "मुद्दाम तुझ्यासाठी" म्हटलं की उपकार झाला, आता नाही कसं म्हणायचं. मग तीन पर्याय आणि "तू सांग". आपल्याला वाटतं पर्याय देणं म्हणजे मोकळीक, पण अँक्झायटीत निवड करणं हेच दमवणारं असतं, ती तीनही पर्याय डोक्यात तीन-तीनदा जगून बघते आणि प्रत्येकात काय बिघडेल ते बघते. एकच पर्याय द्या, हो किंवा नाही. आणि आईची आठवण, प्लीज, बाप्पा, हे तिन्ही एकावर एक म्हणजे नकाराची दारं बंद. देवाचा हवाला देऊन तर अजिबात बोलवू नका, न येणं म्हणजे देवाकडे पाठ फिरवणं असं तिच्या डोक्यात बसतं.

आता तोच मेसेज परत:

> अगं, गणपतीचं बोलावणं. बुधवारी दुपारी ३ ते ४ घरात फक्त मी आणि आई असू, आई झोपलेली असेल. आरती वगैरे काही नाही, दर्शन घे, चहा पिऊ, गॅलरीत बसू. दहा मिनिटांत निघालीस तरी चालेल, कोणी थांब म्हणणार नाही. नाही जमलं तर गुरुवारी तुझ्या गेटवर वॉचमनकाकांकडे तळणीचे मोदक ठेवते, टिकतात, खोकं फेकून दे. डबा नको असेल तर तेवढं सांग, बाकी उत्तर द्यायची गरज नाही.

यात गोडवा कमी वाटेल, पण तिला जे प्रश्न पडणार होते त्यांची उत्तरं आहेत. कोण असेल, किती वेळ, मध्येच उठले तर, नाही गेले तर. "आई झोपलेली असेल" हे वाक्य मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात खरं घर दिसतं आणि कोणी स्वागताला उभं नाही हे कळतं. अँक्झायटी हा शब्द कुठेच नाही, तरी तिला कळेल की वेळ का अशी निवडलीये.

घरी कोणी टपकण्याची शक्यता असेल, पायरी ३ मधला कुरकुरीचा मुद्दा, तर एक वाक्य वाढवा: "कोणी दर्शनाला आलंच तर आपण आतल्या खोलीत, तुला भेटायला लागणार नाही." खात्री नसताना "कोणीच येणार नाही" असं लिहू नका. बेल एकदा जरी वाजली तरी पुढच्या वर्षीचा तुमचा मेसेज ती खरा मानणार नाही.

ऑफिसातल्या, वयाने मोठ्या, अहो-जाहोच्या नात्यातल्या बाईंना पाठवायचं असेल तर घरी बोलवायच्या भानगडीत पडू नका, फक्त प्रसाद ठेवा: "ताई, गणपतीचा प्रसाद तुमच्या डेस्कवर ठेवलाय, खिरापत आहे, टिकेल." एवढं खूप झालं.

पाठवायच्या आधी चेक करा: मेसेजमध्ये प्रश्नचिन्ह किती आहेत ते मोजा. शून्य हवीत. उद्गारचिन्हंही शून्य, फार तर एक. मोठ्याने वाचा, आणि ज्या वाक्यावर तुम्हाला स्वतःलाच "बरं बरं येते" म्हणावंसं वाटेल ते वाक्य काढून टाका.

## पायरी ६: कधी आणि कुठे पाठवायचा

बुधवारचं बोलावणं असेल तर आधीच्या शनिवारी किंवा रविवारी पाठवा. दोन आठवडे आधी पाठवलं तर तेवढे दिवस ते डोक्यात फिरत राहतं, होणाऱ्या प्रसंगापेक्षा त्याची वाट बघणंच जास्त जड असतं. आदल्या रात्री पाठवलं तर तयारीला वेळ नाही. चतुर्थीच्या सकाळी तर नकोच, त्या दिवशी शंभर फॉरवर्ड आलेले असतात, त्यात तुमचाही वाहून जाईल किंवा वाहून गेला नाही तर सगळ्यांना एकदम उत्तर द्यायच्या ढिगात जाईल.

रात्री अकरानंतर नको, झोपेआधी विचारांना खाद्य मिळतं. दुपार किंवा संध्याकाळ बरी. तिला एकटीलाच पाठवा, कॉलेजच्या ग्रुपवर नाही, आणि आधी ग्रुपवर सगळ्यांना संध्याकाळच्या आरतीला बोलावून मग तिला वेगळं असंही करू नका. केलंच असेल तर तिच्या मेसेजमध्ये ग्रुपचा उल्लेख नको. व्हॉइस नोटपेक्षा लिहिलेलं बरं, व्हॉइस नोटमध्ये आपला सूर जरा जास्तच उत्साही होतो आणि वेळ बघायला तिला परत सगळं ऐकावं लागतं.

## पायरी ७: पाठवल्यावर हात आवरा

निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. तुम्हीच लिहिलंय उत्तराची गरज नाही, मग आता "?" पाठवू नका, "पाहिलंस का" नको, गणपतीचा स्टिकर नको, आणि तिचं लास्ट सीन बघून स्वतःला त्रास करून घेऊ नका. बुधवार गेला, आली नाही, तर गुरुवारी ठरल्याप्रमाणे मोदक ठेवा आणि एक ओळ: "गेटवर ठेवलंय." त्यात वाईट वाटल्याचा सूर नको.

हो म्हणाली तर बुधवारी सकाळी एक मेसेज, माहितीचा: "आमच्या गल्लीत सगळं शांत आहे, रिक्षा मागच्या गेटपर्यंत येते." खरंच बघून या मग लिहा.

हो म्हणून अडीच वाजता रद्द केलं तर? हे बरेचदा होतं, तयार होऊन, चप्पल घालून दारातून परत फिरणं. उत्तर आधीच ठरवून ठेवा म्हणजे तेव्हा घाईत काही भलतं जाणार नाही: "बरं. उद्या मोदक गेटवर." "अरेरे, चहा टाकला होता गं" हे लिहायची फार हौस येईल. नका लिहू. ती सॉरी सॉरी करत चार मेसेज करेल, त्यावर एकच "अगं ठीके" आणि विषय संपवा, तिला लांबलचक समजावत बसलात तर तिला वाटणार की खरंच काहीतरी मोठं झालंय.

## पायरी ८: ती आली

दार आधीच उघडं ठेवा, बेल नको. कापूर आणि धूप तीनच्या आधीच आटोपलेला असू दे, बंद हॉलमध्ये धुराने भल्याभल्यांना गुदमरतं आणि हिला तर श्वास अडकण्याचीच भीती. खिडक्या उघडा. बसायला दार दिसेल अशी जागा द्या. पर्स कुठे ठेवली ते तिला दिसू दे, आत नेऊन ठेवू नका, पाहुण्यांच्या वस्तू आत उचलून ठेवायची आपली सवय इथे नडते.

दर्शन, प्रसाद, चहा. बोलणं आलं तर बोला, नाही तर दूर्वा निवडायला द्या. संध्याकाळच्या पूजेला एकवीस दूर्वांची जुडी लागतेच, तीन-तीन पात्यांच्या दूर्वा वेगळ्या करायच्या, हाताला काम आणि नजरेला जागा मिळते.

मधेच तिला घाबरायला झालं तर घोळका करू नका. गॅलरीत किंवा जिन्यात घेऊन जा, पाणी द्या, आणि "शांत हो, काही नाही झालंय" म्हणू नका, तिला झालंय. "मी इथेच आहे, निघायचं असेल तर रिक्षा बोलवते" एवढं हळू आवाजात. पॅनिकची लाट बहुतेक वेळा काही मिनिटांत टोकाला जाते आणि मग ओसरते. पाठीवर हात फिरवायच्या आधी विचारा. छातीत दुखणं तिच्या नेहमीपेक्षा वेगळं असेल, चक्कर येऊन पडली, किंवा असं आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल, तर अँक्झायटीच असेल असं धरू नका, सरळ डॉक्टरकडे.

पावणेचारला स्वतःहून सांगा: "चार वाजत आलेत, पाचपासून लोक येतील." ती रमली असली तरी सांगा, थांबायचं की नाही ते तिला ठरवू दे. थांबली तर छान, पण मग "बघ, जमलं की नाही!" हे वाक्य गिळा. आणि लगेच "मग आरतीला सगळ्यांबरोबर पण ये" हे पण. एक तास जमला म्हणजे सगळं जमणार असं नसतं.

## हा मेसेज कुठे पुरत नाही

दरवर्षी तिला फक्त गेटवरचा डबा आणि कधीच घर नाही असं करू नका. जे टाळत जावं त्याची भीती वाढत जाते, म्हणून थेरपीत बरेचदा हळूहळू, ठरवून, थोड्या थोड्या गर्दीची सवय करतात. ती थेरपिस्टकडे जात असेल तर कदाचित तिला स्वतःलाच पुढच्या वर्षी चार माणसांची वेळ हवी असेल. हे सण संपल्यावर, दोघी निवांत असताना विचारा, "पुढच्या वेळी हेच ठेवू की थोडं बदलू", आणि ती म्हणेल तेवढंच बदला. पायरी तिने ठरवायची, तुम्ही ट्रेनर नाही.

आणि ती महिनोन्‌महिने घराबाहेरच पडली नसेल, जेवण-झोप सुटली असेल, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली असेल, तर मोदकांचा मेसेज बाजूला ठेवा आणि फोन करा, तिच्या घरच्या कोणाला तरी गाठा. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास चालू, आणि मराठीतून बोलता येतं. काय करायचं हे तुम्हाला सुचत नसेल तर तुम्ही स्वतःसुद्धा तिथे फोन करून विचारू शकता.

ती आली असेल तर दुसऱ्या दिवशी मेसेज टाकायचा का? टाका, पण तिच्या येण्याबद्दल नको. "तू निवडलेल्या दूर्वा काल आरतीला वाहिल्या" असं काहीतरी साधं, प्रश्न न विचारणारं. आणि पायरी २ चं वेळापत्रक फोनमधून डिलीट करू नका, पुढच्या वर्षी फक्त चतुर्थीचा वार आणि गौरींचा दिवस बदलून तेच वापरता येतं.